मागणी, माग आणि भांडवल: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात महिन्याचा एकच आराखडा कसा ठरवावा

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतील मध्यम आकाराच्या टेरी टॉवेल कारखान्यात महिन्याचे तीन वेगवेगळे आराखडे एकाच वेळी चालू असलेले दिसतात. विक्री विभाग व्यापाऱ्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे डझनांत हिशोब करतो, विव्हिंग मास्तर बीम, म्हणजे मागावर चढवायचे ताण्याचे रोल, आणि सूत पाहून किलोंत करतो, आणि लेखा विभाग बँकेच्या मर्यादेकडे बघून रुपयांत करतो. तिघांचेही आकडे आपापल्या जागी खरे असतात; परंतु ते एकमेकांशी जुळवलेले नसल्यामुळे दिवाळीच्या तोंडावर रंगीत टॉवेल कमी पडतात, गोदामात न मागितलेला माल पडून राहतो आणि सूतवाल्याचे पैसे द्यायच्या दिवशी बँकेचे सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खाते मर्यादेला टेकलेले असते. हे तिन्ही हिशोब महिन्यातून एकदा एका कागदावर आणण्याच्या पद्धतीला उद्योगजगतात सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग, म्हणजेच एस अँड ओपी म्हणतात. ती मोठ्या कंपन्यांतून आली असली तरी वीस मागांच्या कारखान्यातही ती सहज बसते, फक्त तिचा आकार लहान ठेवावा लागतो.

या लेखात या पद्धतीचा सगळा विस्तार न सांगता तिच्या गाभ्यातील एकच गोष्ट, म्हणजे मागणी आणि क्षमता यांच्यातील तफावत पैशांच्या मर्यादेत राहून कशी मिटवायची, ती एका उदाहरणातून सविस्तर पाहू. उदाहरणातील कारखाना आणि त्याचे आकडे कल्पित आहेत. आपल्या कारखान्याचे आकडे त्या जागी घालून हाच हिशोब करता येईल.

कारखाना आणि बैठकीचे वेळापत्रक

आपल्या कारखान्यात २० रेपिअर माग आहेत आणि त्यांपैकी ८ मागांवर नक्षी विणणारे जेकार्ड बसवलेले आहे. माल तीन गटांत विकला जातो: हॉटेल आणि रुग्णालयांना जाणारे पांढरे टॉवेल, देशी व्यापाऱ्यांना जाणारे रंगीत टॉवेल, आणि निर्यातीचे जेकार्ड टॉवेल. या बैठकीत नियोजन गटाच्या पातळीवरच करावे. कोणता रंग, कोणती किनार, कोणत्या व्यापाऱ्याची कोणती गाठ हे साप्ताहिक नियोजनाचे काम आहे. मासिक बैठकीत एकदा का गुलाबी रंगाच्या चारशे डझनांवर चर्चा सुरू झाली की मूळ प्रश्न, म्हणजे पुढच्या दोन-तीन महिन्यांत माग पुरणार का आणि पैसे पुरणार का, बाजूलाच राहतो.

बैठक जुलैच्या २२ तारखेला आहे असे धरू. तिथे ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन महिने पाहिले जातात. ऑगस्टचा आराखडा त्या दिवशी गोठतो, सप्टेंबरचा आकडा निर्णयासाठी पक्का होतो आणि ऑक्टोबरचा अंदाज म्हणून नोंदला जातो. तीन महिने पाहण्यामागे एक सरळ कारण आहे. दिवाळीपूर्वीच्या मालाची गर्दी सप्टेंबरमध्ये होते, आणि ती आपल्या क्षमतेबाहेर जाणार असेल तर त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणजे थोडा माल ऑगस्टमध्येच विणून ठेवणे, हा फक्त जुलैत कळले तरच हाती असतो. सप्टेंबरमध्ये कळल्यावर रविवारची पाळी, बाहेरचे विणकाम किंवा नकार एवढेच उरते.

बैठकीच्या आधीचे तीन आठवडे तयारीचे असतात. महिन्याच्या ४ तारखेपर्यंत मागील महिन्याची विक्री, न पुरवलेल्या ऑर्डरी, उत्पादन आणि साठा यांचे आकडे बंद करावेत. ९ तारखेपर्यंत विक्रीप्रमुखाने मागणीचा आकडा द्यावा, १४ तारखेपर्यंत विव्हिंग मास्तरांनी त्यावर क्षमतेचा हिशोब करावा, आणि १८ तारखेला विक्री, उत्पादन व लेखा या तिघांनी मालकांशिवाय बसून तफावतीवरचे पर्याय किमतीसह तयार करावेत. २२ तारखेची मालकांसमोरची बैठक मग एका तासात होते. माझ्या मते या वेळापत्रकातला सर्वांत महत्त्वाचा दिवस १८ तारखेचा आहे. कारण मालकांसमोर तिघे पहिल्यांदाच एकमेकांचे आकडे पाहत असतील तर चर्चा आकड्यांच्या खरेपणावर होते आणि निर्णय सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याच्या बाजूने जातो.

पहिली पायरी: मागणीचा आकडा, तोही एकाच मापात

डझन हे माप विक्रीसाठी सोयीचे असले तरी नियोजनासाठी धोक्याचे आहे. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा टॉवेल सुमारे ५०६ ग्रॅमचा भरतो. तोच ५०० जीएसएमचा असेल तर सुमारे ५६२ ग्रॅमचा. एका डझनात हा फरक सुमारे ६७५ ग्रॅम होतो आणि हजार डझनांत ६७५ किलो. विक्रीच्या वहीत दोन्ही ठिकाणी 'हजार डझन' एवढेच लिहिलेले असते. म्हणून प्रत्येक गटाचे डझन त्या त्या मालाच्या खऱ्या वजनाने गुणून किलोंत आणावेत, आणि हे वजन नमुन्याच्या कार्डावरून न घेता गेल्या महिन्यात प्रत्यक्ष तोललेल्या गाठींवरून घ्यावे.

आता सप्टेंबरसाठी विक्रीप्रमुखाने पांढरे १८ टन, रंगीत ३४ टन आणि निर्यात २० टन, असे एकूण ७२ टन मागितले आहेत. हा आकडा तसाच स्वीकारू नये आणि डोळे मिटून कापूही नये. प्रत्येक गटासाठी मागील सहा महिन्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करावी. रंगीत टॉवेलच्या बाबतीत सहा महिन्यांत मिळून १५० टनांचा अंदाज दिला गेला होता आणि १२९ टन माल गेला. इथे एक चूक फार सहज होते: रवानगीलाच मागणी समजले जाते. त्या काळात ६ टनांच्या ऑर्डरी आपल्याकडे माल नव्हता म्हणून परत गेल्या असतील, तर खरी मागणी १३५ टन होती, म्हणजे अंदाजाच्या ९० टक्के. रवानगीवरूनच पुढचा अंदाज केला तर आपल्या स्वतःच्या तुटीला आपण ग्राहकाची नावड समजू लागतो, आणि पुढच्या हंगामात तीच तूट पुन्हा निर्माण करतो.

या प्रमाणाने ३४ टनांचे सुमारे ३१ टन होतात. परंतु नुसता गुणाकार करून विक्रीप्रमुखाच्या हाती नवा आकडा देण्यापेक्षा त्याला ३४ टनांची फोड विचारावी. बहुतेक वेळा जास्तीचा आकडा एक-दोन ठिकाणीच बसलेला सापडतो. आपल्या उदाहरणात एका व्यापाऱ्याचे ३ टन केवळ फोनवरच्या बोलण्यावर धरलेले निघाले. मागील वर्षी त्याच व्यापाऱ्याने याच दिवसांत निम्मा मालही उचलला नव्हता. ते काढल्यावर आकडा ३१ टनांवर येतो, आणि तो विक्रीप्रमुखाने स्वतः आणलेला असल्यामुळे पुढे तो त्याची जबाबदारी घेतो.

निर्यातीच्या २० टनांपैकी १६ टनांची ऑर्डर लेखी आहे आणि ४ टन 'येण्याची शक्यता' आहे. असे टन मूळ आकड्यात मिसळू नयेत आणि विसरूही नयेत. ते वेगळ्या ओळीत, ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत पक्की व्हायला हवी त्या तारखेसह लिहावेत. अशा रीतीने सप्टेंबरची मागणी १८, ३१ आणि १६ मिळून ६५ टन ठरते, आणि ४ टन शक्यतेच्या ओळीत राहतात.

दुसरी पायरी: क्षमता किलोंत नव्हे, माग-दिवसांत

'आपला कारखाना महिन्याला ६० टन काढतो' हे वाक्य प्रत्येक कारखान्यात ऐकू येते. ते सरासरीचे वाक्य आहे, आणि सरासरी मालाचे मिश्रण बदलले की खोटी ठरते. पांढरा साधा टॉवेल एका मागावर दिवसाला १४० किलो निघतो, रंगीत १२० किलो आणि जेकार्ड ९० किलो असे धरू. हे आकडे मागाच्या कागदोपत्री वेगावरून काढू नयेत. सॉर्ट, म्हणजे मागावरचा मालाचा प्रकार बदलणे, बीम चढवणे, धागा तुटणे, वीज जाणे हे सगळे धरून मागील तीन महिन्यांत प्रत्यक्ष निघालेल्या मालाला चाललेल्या माग-दिवसांनी भागून ते काढावेत; एक माग एक दिवस चालला की एक माग-दिवस.

सप्टेंबरमध्ये २५ कामाचे दिवस धरले तर २० मागांचे ५०० माग-दिवस होतात. मागणी त्यात रूपांतरित केली की चित्र असे दिसते:

| गट | मागणी (किलो) | एका माग-दिवसाचे उत्पादन (किलो) | लागणारे माग-दिवस |
|---|---|---|---|
| पांढरे | १८,००० | १४० | १२९ |
| रंगीत | ३१,००० | १२० | २५८ |
| जेकार्ड निर्यात | १६,००० | ९० | १७८ |
| एकूण | ६५,००० | | ५६५ |

किलोंत पाहिले तर ६५ टन मागणी आणि ६० टन क्षमता, म्हणजे ५ टनांची तूट. 'थोडी ओढाताण करू' म्हणून ती सोडून दिली जाते. माग-दिवसांत मात्र तूट ६५ दिवसांची, म्हणजे क्षमतेच्या १३ टक्के आहे, आणि रंगीत मालात मोजली तर ती ७,८०० किलो होते. जेकार्डचा वाटा वाढला की किलो तेवढेच राहूनही माग जास्त अडतात, ही गोष्ट किलोंच्या हिशोबात दिसतच नाही.

याच वेळी जेकार्डच्या ८ मागांची स्वतंत्र तपासणी करावी. त्यांचे सप्टेंबरमध्ये २०० माग-दिवस आहेत आणि निर्यातीला १७८ लागतात, म्हणजे पक्की ऑर्डर बसते. शक्यतेचे ४ टन घेतले तर आणखी ४४ माग-दिवस लागतील आणि एकूण २२२ होतील, जे त्या मागांवर बसत नाहीत.

मागाइतकीच रंगाई आणि शिलाई तपासावी लागते. आपल्या उदाहरणात सप्टेंबरमध्ये त्या दोन्ही ठिकाणी जागा आहे असे धरून पुढे जाऊ. परंतु सोलापुरात मार्च ते जून या काळात अनेकदा पाणी हीच खरी मर्यादा ठरते, आणि त्या महिन्यांचा हिशोब माग-दिवसांऐवजी रोज रंगवता येणाऱ्या सुताच्या किलोंवरून सुरू करावा लागतो. कामाचे दिवस मोजतानाही भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील लाल तारखांवर विसंबू नये. जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि लग्नसराईतील गैरहजेरी यांमुळे माग उभे असूनही चालवणारा हात नसतो. मागील दोन वर्षांच्या हजेरीपटावरून त्या आठवड्यांत किती माग खरोखर चालले ते पाहावे. आपल्या ऑगस्टसाठी म्हणूनच २४ दिवस, म्हणजे ४८० माग-दिवस धरले आहेत, आणि ऑगस्टच्या मागणीला ४५५ लागतात. ऑगस्टमध्ये २५ माग-दिवस मोकळे आहेत, आणि पुढच्या हिशोबात ते उपयोगी पडणार आहेत.

तिसरी पायरी: तफावतीवरचे पर्याय आणि त्यांची किंमत

अठरा तारखेच्या बैठकीत साधारण असे संभाषण होते. विक्रीप्रमुख म्हणतात, "मास्तर, दिवाळीचा माल आहे, तो परत मागे ढकलता येणार नाही. निर्यातीत किलोमागे जास्त सुटतात, तेव्हा ते चार टनही घेऊनच टाका." मास्तर म्हणतात, "घ्या की, पण मग तुमचा रंगीत माल कुठल्या मागावर लावू ते तुम्हीच लिहून द्या." इथे लेखापालाने एक आकडा टेबलावर ठेवायचा असतो, तो म्हणजे प्रत्येक गटात एका माग-दिवसाला किती रुपये सुटतात.

विक्रीच्या भावातून सूत, रंग, मजुरी, वीज, पॅकिंग असा मालाबरोबर बदलणारा खर्च वजा केला की किलोमागे सुटणारी रक्कम मिळते. पांढऱ्यात ३४० रुपयांतून २८५ गेले की ५५ रुपये सुटतात, रंगीतमध्ये ३८० मधून ३०५ गेले की ७५, आणि जेकार्डमध्ये ५२० मधून ४३५ गेले की ८५. किलोने पाहिले तर विक्रीप्रमुखांचे म्हणणे बरोबर आहे. पण या महिन्यात आपल्याकडे किलो कमी नाहीत, माग-दिवस कमी आहेत. एका माग-दिवसाला पांढऱ्यात ५५ गुणिले १४०, म्हणजे ७,७०० रुपये सुटतात. रंगीतमध्ये ९,००० आणि जेकार्डमध्ये ७,६५०. म्हणजे सप्टेंबरपुरता रंगीत टॉवेलच सर्वांत जास्त देतो, आणि ४ टन जेकार्ड त्याच्या ८ मागांवर बसले असते तरी त्यासाठी ४४ माग-दिवस रंगीत मालाकडून काढले तर ३ लाख ४० हजार मिळवण्यासाठी जवळपास ४ लाख सोडावे लागतात. निर्यातीच्या ग्राहकाला ऑक्टोबरची तारीख देणे हा इथे योग्य प्रस्ताव ठरतो, कारण दिवाळीचा रंगीत माल ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही आणि ऑक्टोबरमध्ये माग मोकळे होतात. तो ग्राहक जुना आणि वर्षभर माल घेणारा असेल तर साठ हजारांपर्यंतचा हा फरक सोसूनही जेकार्डच्या मागांवर बसेल तेवढा माल सप्टेंबरमध्ये द्यावा असा निर्णय मालक घेऊ शकतात. पण मग तो किंमत माहीत असताना घेतलेला निर्णय असतो.

आता ६५ माग-दिवसांची तूट भरायची आहे. पहिला पर्याय ऑगस्टमधील मोकळ्या २५ माग-दिवसांत ३,००० किलो रंगीत माल आधीच विणणे हा आहे. यासाठी नेहमी खपणारे दोन-तीन रंगच निवडावेत. नव्या डिझाइनचा माल आधी विणून ठेवणे म्हणजे अंदाज चुकल्याचा सगळा भार गोदामावर घेणे होय. या मालात ३०५ रुपये किलोप्रमाणे ९ लाख १५ हजार रुपये साधारण महिनाभर आधी अडकतात, आणि आठ टक्के घट धरून ३,२४० किलो सूत जुलैअखेर कारखान्यात यावे लागते.

उरलेल्या ४० माग-दिवसांसाठी दोन मार्ग आहेत. दोन रविवारी सर्व माग चालवले तर बरोबर ४० माग-दिवस मिळतात. मात्र जादा कामाची मजुरी नियमाप्रमाणे दुप्पट दराने द्यावी लागते, बदली सुटी द्यावी लागते आणि रविवारी होणारी मागांची देखभाल पुढे ढकलली जाते, जिचा फटका ऐन हंगामात बसतो. दुसरा मार्ग बाहेरच्या मागांवर जॉबवर्कने विणून घेण्याचा आहे. बाहेर द्यायचा तर पांढरा साधा माल द्यावा, कारण त्यात रंगाची छटा जुळवण्याचा प्रश्न नसतो आणि माग-दिवसाला सुटणारी रक्कमही रंगीतपेक्षा कमी आहे. ४० माग-दिवसांचा पांढरा माल म्हणजे ५,६०० किलो. जॉबवर्क आपल्या विणकामापेक्षा किलोमागे १८ रुपयांनी महाग पडते असे धरले तर जादा खर्च १ लाख ८०० रुपये होतो. हे न करता तेवढा पांढरा माल नाकारला तर ३ लाख ८ हजार रुपये सुटायचे राहतात, आणि रंगीत माल नाकारला तर ३ लाख ६० हजार. म्हणून लाखभर रुपये देऊन बाहेर विणून घेणे परवडते. अट एवढीच, की सुताचे वजन चलनावर लिहून द्यावे, परत आलेला माल आणि वेस्ट त्याच्याशी जुळवावे, आणि पहिल्या बीमचा माल तोलून व धुऊन पाहिल्यावरच पुढचे सूत सोडावे. जॉबवर्कमध्ये जीएसएम कमी येण्याची तक्रार हॉटेलच्या पहिल्या धुलाईनंतर येते, आणि तेव्हा सगळा माल गेलेला असतो.

चौथी पायरी: हाच आराखडा रुपयांत

मागणी आणि माग जुळले की काम संपले असे समजून अनेक ठिकाणी बैठक इथेच उठते. लेखापालाने त्याच आराखड्याचे रुपयांत रूपांतर दोन प्रकारे करायचे असते. पहिला प्रकार विक्रीचा आहे: पांढरे ६१.२ लाख, रंगीत ११७.८ लाख आणि जेकार्ड ८३.२ लाख मिळून जीएसटी वगळता २ कोटी ६२ लाख रुपये. वार्षिक अंदाजपत्रकात सप्टेंबरसाठी २ कोटी ७५ लाख लिहिलेले असेल तर १३ लाखांची ही तूट आहे तशी दाखवावी. ती भरून काढण्यासाठी मागणीच्या आकड्यात तीन टन वाढवणे ही मासिक नियोजनातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण त्या तीन टनांसाठी सूत खरे येते, माग खरे अडतात, आणि ग्राहक मात्र कागदावरच असतो.

दुसरा प्रकार रोकडीचा. सप्टेंबरचा रंगीत माल व्यापाऱ्यांकडे जातो, पण त्याचे पैसे साधारण ७५ दिवसांनी, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर येतात. त्याआधी ऑक्टोबरमध्ये बोनस द्यावा लागतो, आणि सूतवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्याचे पैसे कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. जो महिना विक्रीच्या कागदावर सर्वांत चांगला दिसतो त्याच्या पाठोपाठच रोकडीचा सर्वांत अवघड पंधरवडा येतो. म्हणून आठवड्यानुसार येणे-देणे मांडावे, महिन्यानुसार नव्हे. महिन्याच्या बेरजेत ऑक्टोबर बरा दिसू शकतो आणि तरी १५ तारखेला खाते मर्यादेबाहेर गेलेले असू शकते.

आपल्या उदाहरणात सीसीची मंजूर मर्यादा ४ कोटी आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यास गरज ४ कोटी १५ लाखांपर्यंत जाते. ही १५ लाखांची तूट दिसल्यावर लेखापालाने 'आराखडा शक्य नाही' असे म्हणून थांबू नये, आणि विक्रीनेही 'बँकेचे तुम्ही बघा' म्हणू नये. आराखड्यातच बदल सुचवावा. ५ टन रंगीत मालावर, म्हणजे १९ लाखांच्या विक्रीवर, दोन व्यापाऱ्यांना ३० दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट देऊ केली तर ३८ हजार रुपये खर्चून १८ लाख ६२ हजार रुपये ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हातात येतात. अर्थात हा माल १५ सप्टेंबरच्या आत निघायला हवा, आणि ऑगस्टमध्ये आधी विणलेला ३,००० किलो माल त्यासाठीच राखून ठेवावा. इथे तिन्ही विभागांचे निर्णय एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते दिसते: सूत जुलैअखेर आले तर ऑगस्टमध्ये माल विणला जातो, तो विणला गेला तर सप्टेंबरच्या पूर्वार्धात रवाना होतो, आणि तो रवाना झाला तरच बोनसच्या आठवड्यात पैसे येतात.

एक काळजी मात्र घ्यावी. मंजूर मर्यादेऐवजी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मर्यादेतून त्या वेळी प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, कमी पडत असेल तर हा उपाय अर्धवट ठरतो. बँक साठा आणि येणी यांतून मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर काढते, त्यामुळे येणी वसूल झाली की तीही खाली येते. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा धरत नाहीत. तेव्हा आधी आपली अडचण नेमकी कोणत्या मर्यादेची आहे ते पाहावे. ड्रॉइंग पॉवरची असेल तर जुन्या येण्यांच्या वसुलीवर जोर द्यावा.

पाचवी पायरी: २२ तारखेचा तास

मालकांसमोर एकच कागद जावा. त्यावर तीन महिन्यांचे गटवार किलो, माग-दिवस आणि रुपये एकाच तक्त्यात असावेत, खाली निर्णयासाठी आलेले प्रश्न किमतीसह असावेत आणि शेवटी गृहीतके असावीत. आपल्या बैठकीत निर्णय चारच आहेत: ऑगस्टमध्ये ३ टन रंगीत आधी विणणे, ५.६ टन पांढरा जॉबवर्कला देणे, ४ टन निर्यातीला ऑक्टोबरची तारीख देणे आणि ५ टनांवर रोख सूट देणे. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहावी.

गृहीतकांची ओळ बहुतेक जण टाळतात, पण महिन्याच्या मधोमध वाद मिटवायला तीच कामी येते. सुताचा सरासरी भाव २४० रुपये धरला आहे असे लिहून त्यासमोर 'भाव २५५ वर गेल्यास पुन्हा बसणे' असेही लिहावे. ६५ टनांना घटीसह सुमारे ७० टन सूत लागते, आणि १५ रुपयांची वाढ म्हणजे साडेदहा लाख रुपये. एवढ्या फरकाने रोकडीचा सगळा हिशोब बदलतो. त्याहून लहान चढ-उतारांसाठी बैठक बोलवू नये.

गोठवलेल्या ऑगस्टमध्ये बदल करायचा झाल्यास नियम साधा ठेवावा. त्याच गटात तेवढ्याच माग-दिवसांची अदलाबदल विक्री आणि मास्तर यांनी आपसात करावी. एकूण माग-दिवस वाढत असतील किंवा एका गटाचे दुसऱ्या गटाकडे जात असतील तर मालकांची सही घ्यावी, आणि काय बाहेर काढले जाणार तेही त्याच चिठ्ठीवर लिहावे.

आराखडा खोटा होत चालला आहे हे कसे ओळखावे

मागणीचा आकडा सलग दोन-तीन महिने क्षमतेशी तंतोतंत जुळू लागला तर संशय घ्यावा. विक्रीप्रमुखाने मास्तरांशी आधीच बोलून मागणी छाटलेली असते, आणि मग किती ऑर्डरी नाकारल्या जात आहेत हे कुणालाच कळत नाही. याच्या उलट, मास्तरांच्या खिशात आराखड्याहून वेगळी वही दिसली तर विक्रीच्या आकड्यावरचा त्यांचा विश्वास उडालेला आहे असे समजावे. त्यांना दटावण्याऐवजी त्या वहीतील आकडे आणि प्रत्यक्ष विक्री यांची तुलना बैठकीत करावी. पुष्कळदा वहीच अधिक बरोबर निघते.

मोजायच्या गोष्टी दोनच ठेवाव्यात. गटवार अंदाज प्रत्यक्ष मागणीपेक्षा एकाच दिशेने चुकतो आहे का, आणि ठरलेल्या माग-दिवसांपैकी ठरलेल्या गटासाठी प्रत्यक्ष किती वापरले गेले. पहिला आकडा विक्रीचा, दुसरा उत्पादनाचा. एकूण किलो जुळले म्हणून समाधान मानू नये: रंगीतचे ३१ टन आणि पांढऱ्याचे १८ टन ठरलेले असताना रंगीत २६ आणि पांढरे २३ निघाले तरी बेरीज ४९ टनच राहते, पण दिवाळीचा व्यापारी रिकाम्या हाताने परत जातो. मास्तरांनी सोपा माल आधी लावला की हे घडते, म्हणून ही तपासणी महिनाअखेरीस न करता १० आणि २० तारखेला करावी.

सप्टेंबर संपल्यावर ४ ऑक्टोबरला आकडे बंद करताना पहिले काम ३१ टनांची फोड पुन्हा काढण्याचे असते: किती मागणी आली, किती पुरवली, किती परत गेली, आणि जुलैत वगळलेले त्या व्यापाऱ्याचे ३ टन खरोखर आले होते का. या चार उत्तरांवरून सहा महिन्यांचे प्रमाण नव्याने काढावे आणि ते ९ तारखेच्या आत विक्रीप्रमुखाच्या हाती द्यावे.